एका ऑर्डरचे दोनदा पैसे गेले? बँकेत तक्रार करण्याआधी हे वाचा

कार्डाचे पैसे भरताना ओटीपी टाकला, पान फिरत राहिलं, काहीच आलं नाही म्हणून पुन्हा पैसे भरले आणि मोबाइलवर बँकेचे दोन मेसेज आले. दिवाळीच्या आधी भांड्यांच्या ऑर्डरी वाढतात तेव्हा आम्हाला सगळ्यात जास्त फोन याच कारणाने येतात. बहुतेक वेळा दोनपैकी एकच रक्कम खरोखर गेलेली असते.

कार्डाचा व्यवहार दोन टप्प्यांत होतो. ओटीपी बरोबर आला की बँक मंजुरी देते आणि तेवढी रक्कम तुमच्या मर्यादेतून बाजूला काढून ठेवते. हा झाला होल्ड. पैसे अजून आमच्याकडे आलेले नसतात. दुसऱ्या टप्प्यात आम्ही ती रक्कम मागून घेतो, तेव्हाच ती तुमच्या बिलात चढते. गोंधळ होतो तो मेसेजमुळे, कारण बँक 'इतके रुपये खर्च झाले' हा मेसेज पहिल्याच टप्प्यावर धाडते. त्यामुळे दोन मेसेज म्हणजे दोन मंजुऱ्या, एवढंच त्यातून कळतं.

समजा, ₹2,480 चं कल्हई केलेलं पितळी पातेलं घेतलं. संध्याकाळी 7:42 ला पहिली मंजुरी मिळाली, पण ती आमच्या साइटपर्यंत पोचलीच नाही. 7:46 ला तुम्ही पुन्हा भरलेत आणि ऑर्डर नोंदली गेली. क्रेडिट कार्डाची उपलब्ध मर्यादा आता ₹4,960 ने कमी दिसेल. आम्ही मागून घेणार ते फक्त 7:46 चे ₹2,480, कारण ऑर्डर त्यालाच जोडलेली आहे. 7:42 ची मंजुरी सोडून दिली जाते आणि बँकेच्या सवडीप्रमाणे काही दिवसांत मर्यादा पूर्ववत होते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. सुटलेल्या होल्डची 'जमा' अशी वेगळी नोंद स्टेटमेंटमध्ये येत नाही. नावे पडलंच नव्हतं, तर जमा कुठून दिसणार? "रिफंड आलाच नाही" असं सांगणाऱ्यांनी उपलब्ध मर्यादा बघावी. बँकेच्या अ‍ॅपमध्ये 'पेंडिंग' दिसणारी नोंद होल्डची असते. बिलात चढलेली नोंद खरी वजावट.

डेबिट कार्डाचं थोडं वेगळं आहे. बऱ्याच बँका मंजुरीच्या वेळीच शिल्लक कमी करतात, त्यामुळे होल्डसुद्धा वजावटीसारखाच दिसतो आणि परत येताना मात्र जमेची नोंद दिसते. पैसे कापले गेले पण दुकानदाराकडे पुष्टी पोचली नाही, अशा ऑनलाइन कार्ड व्यवहारासाठी रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे: व्यवहाराच्या तारखेपासून 5 दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ₹100 भरपाई.

आता ज्या चुकीने सगळ्यांचाच वेळ जातो ती सांगतो. मेसेज बघितल्या बघितल्या बँकेत डिस्प्यूट टाकू नका. होल्डवर टाकलात तर ज्याची वजावटच नाही त्याची चौकशी सुरू होते. त्याहून वाईट म्हणजे रक्कम दोन्हीकडे सारखीच असल्याने घाईत 7:46 च्या व्यवहारावर बोट ठेवलं जातं. मग ते पैसे वादात अडकतात, आम्हाला ते परतही करता येत नाहीत, पार्सल थांबतं, आणि बिल, कुरियरची पावती असे कागद पाठवत काही आठवडे जातात. डिस्प्यूट हा तुमचा हक्क आहे; फक्त आधी आम्हाला विचारा.

काही जण विचारतात, पैसे लगेच का घेत नाही? आमची भांडी हाताने ठोकलेली असतात, साइटवर दिसणारा नग कधीकधी दुकानात विकला गेलेला असतो. म्हणून आधी नग हातात घेतो, कल्हई तपासतो, मगच पैसे मागतो. नग नसेल तर होल्ड सोडतो. तुम्हाला रिफंडची वाट बघावी लागत नाही. आमचं काम थोडं वाढतं, पण पद्धत बदलायचा विचार नाही.

क्वचित दोन्ही रकमा खरोखर वजा होतात. तेव्हा जादाची रक्कम आम्ही परत पाठवतो. ती साधारण 5 ते 7 कामाच्या दिवसांत पोचते. त्याचा 23 अंकी एआरएन क्रमांक आमच्याकडून मागून घ्या. उशीर झाला तर तो क्रमांक दिल्यावर बँकेला रक्कम शोधता येते.

पान अडकलं तर पुन्हा भरण्याआधी दहा मिनिटं थांबा आणि 'माझ्या ऑर्डरी' उघडून बघा. तरी शंका असेल तर ऑर्डर क्रमांक, रक्कम, दोन्ही मेसेजच्या वेळा आणि कार्डाचे शेवटचे चार अंक आम्हाला व्हॉट्सअ‍ॅप करा. पूर्ण कार्ड क्रमांक किंवा ओटीपी आम्ही कधीच मागत नाही. रिफंडसाठी कुणी मागितला तर फोन ठेवून द्या. फोनवरही ऑर्डर घेतो, आणि जुन्या भांड्यांना कल्हई करायची असेल तर त्याच क्रमांकावर फोटो पाठवा.