मोठ्या मेळाव्याची परवानगी: गर्दी नियोजनाचा अर्ज, गेटचा हिशेब आणि जाहीर सूचना

"अपेक्षित उपस्थिती १२,०००. प्रवेशद्वारे ४." मेळाव्याचे बरेच अर्ज या ओळीपाशी अडतात. चारच का, असे विचारले की उत्तर येते, मैदानाला चार गेट आहेत म्हणून. अर्ज परत येतो आणि आयोजकाला वाटते, उगाच त्रास देताहेत.

आधी सोपा भाग उरकू. अर्ज नोंदणीकृत संस्थेला करता येतो, बऱ्याच ठिकाणी एखाद्या व्यक्तीलाही. मात्र जबाबदार म्हणून एकाच माणसाचे नाव द्यावे लागते आणि तो माणूस कार्यक्रमभर मैदानावर हजर असावा लागतो. अध्यक्षांचे नाव घालू नका, ते व्यासपीठावर बसलेले असतील. जागामालकाची संमती, अग्निशमन विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र, मंडप आणि वीजजोडणी तपासल्याचा दाखला, वैद्यकीय व्यवस्थेचे पत्र, स्वयंसेवकांची यादी आणि मोजमापासह नकाशा, एवढी कागदपत्रे जवळपास सगळीकडे मागतात. अर्जाचा नमुना आणि मुदत प्रत्येक कार्यालयाची वेगळी. यातले दाखले इतर विभागांकडून यायचे असतात, म्हणून आधी त्यांच्यामागे लागा.

आता गर्दी नियोजनाचा आराखडा. तपासणाऱ्याचा मुख्य प्रश्न असतो की शेवटच्या तासात किती माणसे येणार आणि तुमची गेट त्यातली किती आत घेणार. वरचेच १२,००० लोकांचे उदाहरण घेऊ. कार्यक्रम सहाला, गेट चारला उघडणार, प्रत्येक गेटवर तीन तपासणी रांगा, म्हणजे एकूण बारा. पिशवी उघडून बघायची तर एका माणसाला बारा सेकंद लागतात असे धरू. मग एका रांगेतून तासाला ३००, बारा रांगांतून ३,६००. सहाच्या कार्यक्रमाला पाचनंतर ६० टक्के लोक आले, तर शेवटच्या तासात ७,२०० जण गेटवर येतील. चार ते सहा या दोन तासांत १२,००० पैकी ७,२०० च आत जातात, म्हणजे सहा वाजता ४,८०० लोक बाहेर असतील. तेवढ्यात आत माइक सुरू होतो, टाळ्या ऐकू येतात आणि मागचे लोक पुढे रेटू लागतात. पुढच्यांना मागे हटायला जागा नसते.

यावर उपाय तीन आणि तिन्ही अर्जात लिहायचे. गेट तीनला उघडा आणि चारपासून आत काहीतरी सुरू ठेवा, म्हणजे शेवटच्या तासातला भार ४० टक्क्यांवर, ४,८०० वर येईल असे धरता येते. प्रत्येक गेटवर एक रांग बिनपिशवीची ठेवा. तिथे सहा सेकंद पुरतात, तासाला ६०० जण जातात. आणि पाचवे गेट उघडा. आता बिनपिशवीच्या पाच रांगांतून ३,००० आणि पिशवीच्या दहा रांगांतून ३,०००, मिळून ६,०००. यात मोकळीक आहे, पण एका अटीवर: पिशवीवाले ३,००० च्या वर जाता कामा नयेत. म्हणून कार्यक्रमाआधी काढायच्या जाहीर सूचनेचे पहिले वाक्य "पिशवी आणू नका" असे येते. बारा आणि सहा सेकंद हे माझे गृहीत आकडे आहेत. तुमच्या स्वयंसेवकांना उभे करून, घड्याळ लावून पन्नास माणसे मोजा आणि तो आकडा लिहा.

बाहेर पडण्याचा हिशेब वेगळा करावा लागतो. ब्रिटनमधल्या क्रीडामैदानांसाठीच्या सुरक्षा मार्गदर्शिकेत सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसे धरतात आणि आठ मिनिटांत मैदान मोकळे व्हावे अशी अपेक्षा असते. आपली पाच गेट चार-चार मीटरची. त्यातले एक आग किंवा धुरामुळे बंद पडले असे धरायचे. उरले सोळा मीटर. १६ गुणिले ८२ गुणिले ८, म्हणजे १०,४९६. मग १२,००० बसत नाहीत. एकतर गेट पाच मीटरची करा, नाहीतर उपस्थितीचा आकडा खाली आणा. गेटसमोर लावलेला एखादा स्टॉल किंवा उभी केलेली गाडी ही रुंदी खाऊन टाकते, म्हणून रुंदी नकाशावरून न घेता टेप लावून मोजा.

हे कागदी खेळ वाटत असतील तर हिल्सबरो आठवा. १५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या त्या फुटबॉल मैदानावर एका टोकाच्या सुमारे १०,१०० उभ्या प्रेक्षकांसाठी सात फिरती दारे होती. बाहेर चेंगराचेंगरी होऊ लागली म्हणून बाहेर पडण्याचे एक मोठे दार उघडले, पण आत गेलेल्यांना कुठे वळवायचे हे कोणी पाहिले नाही. ते समोरच्या बोगद्यातून आधीच भरलेल्या कप्प्यांत शिरले. ९७ जणांचा जीव गेला. म्हणून आराखड्यात एक ओळ हवीच: जादा गेट कोण उघडणार आणि त्याआधी आतला कोणता रस्ता बंद करणार.

आता आपत्कालीन क्रमांक. दक्षिण कोरियाची राजधानी सोल इथल्या इतेवॉन भागात २९ ऑक्टोबर २०२२ ला झालेल्या चेंगराचेंगरीत १५९ जण मेले. गर्दी धोक्याची होतेय असे सांगणारा पहिला फोन पोलिसांना संध्याकाळी ६.३४ ला गेला होता आणि दुर्घटना रात्री सव्वादहाच्या सुमारास घडली. मधे आणखी दहा फोन गेले. क्रमांक होता, उचलणाराही होता. म्हणून तुमच्या अर्जात क्रमांकाच्या पुढे दोन गोष्टी लिहा: फोन कोण घेणार, आणि गेट थांबवण्याचा किंवा कार्यक्रम रोखण्याचा अधिकार कोणाला. दोघे एकाच खोलीत बसतील अशी सोय करा. दाट गर्दीत मोबाइल अनेकदा लागत नाही, त्यामुळे नियंत्रण कक्षाला साधा दूरध्वनी आणि गेटवर वॉकीटॉकी हवेतच. मैदानातल्या दिव्याच्या खांबांना मोठे आकडे रंगवा. घाबरलेला माणूस "मी स्टेजच्या डाव्या बाजूला आहे" म्हणतो, पण कुणाच्या डावीकडे हे कळत नाही. "खांब १७" म्हटले की रुग्णवाहिका कुठे पाठवायची ते कळते.

अर्जासोबत ध्वनिक्षेपकावरून करायच्या सूचनांचा मसुदा जोडा. तो असा असावा:

"गेट तीन सध्या थांबवले आहे. गेट पाच उघडे आहे. गेट तीनकडे तोंड करून उभे असाल तर उजवीकडे वळा, चालत चार मिनिटे. पिशवी नसलेल्यांनी हिरव्या फलकाची रांग घ्यावी. कुणाला श्वास घ्यायला त्रास होत असेल तर जवळच्या पिवळ्या जाकिटातल्या स्वयंसेवकाला हाक मारा, किंवा नियंत्रण कक्षाला फोन करून खांबाचा आकडा सांगा."

यात "धावू नका", "घाबरू नका" नाही, हे मुद्दाम. ज्याने धावायचा विचारही केला नव्हता तो हे ऐकून मागे बघतो. काय करायचे तेवढेच सांगा. सूचनेआधी गाणे बंद करा, तेच वाक्य दोनदा म्हणा, आणि भोंगे गेटबाहेरच्या रांगेच्या शेवटापर्यंत पोचतात का ते आधल्या दिवशी तिथे उभे राहून ऐका. मागच्याला काहीच ऐकू आले नाही तर तो पुढेच रेटत राहतो.

मंजुरी आली की शिक्का मारलेल्या आराखड्याच्या प्रती काढा, एकेक प्रत प्रत्येक गेटच्या प्रमुखाकडे. कार्यक्रमाच्या सकाळी प्रत्येक गेटवरून नियंत्रण कक्षाला एक फोन करून पाहा. कुठला लागत नाही ते लिहून ठेवा आणि गेट उघडण्याआधी दुरुस्त करून घ्या.