ताजं आणि गरम: हायवेच्या थांब्यावर ओळखायचा फरक

हायवेवरच्या थांब्यावर पाटी दिसते: 'गरमागरम ताजा नाश्ता'. हे दोन शब्द इतके जोडीनं येतात की ऐकणाऱ्याला ते एकच वाटतात. प्रत्यक्षात ताजेपणा हा घड्याळाचा हिशेब आहे, म्हणजे पदार्थ शिजल्यापासून तुमच्या पानात येईपर्यंत किती वेळ गेला. गरमपणा हा विस्तवाचा हिशेब आहे, म्हणजे पदार्थ आत्ता किती तापलाय. दुपारी केलेला पुलाव रात्री एक वाजता वाफाळता मिळू शकतो. तो गरम असतो, ताजा नसतो. उलट, नीट फ्रिजमध्ये ठेवलेलं दही थंड असतं आणि तरीही खायला चांगलं असतं.

हा फरक पोटाला कळतो तो जंतूंमुळे. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ते झपाट्यानं वाढतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा नियम असा की शिजवलेलं अन्न साध्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि गरम ठेवायचंच असेल तर ६० अंशांच्या वर ठेवावं. पुन्हा गरम करताना ते आतपर्यंत, किमान ७० अंशांपर्यंत तापायला हवं.

मग कालचं असलं तरी खदखदून उकळलं की झालं, असं वाटेल. सगळ्या पदार्थांना ते लागू पडत नाही. भाताचंच बघा. कच्च्या तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवण्याच्या उष्णतेतही तगून राहतात. भात तासन्‌तास कोमट राहिला की त्या बीजाणूंतून जंतू वाढतात आणि एक विष तयार करतात. हे विष परत गरम केल्यानं नष्ट होत नाही. जंतू मेले तरी विष शिल्लक राहतं आणि खाल्ल्यापासून एक ते सहा तासांत उलट्या सुरू होऊ शकतात. हातांवरून अन्नात जाणाऱ्या स्टॅफिलोकॉकस या जंतूचं विषही असंच उष्णतेला दाद देत नाही. म्हणून थांब्यावर विचारायचा प्रश्न 'गरम आहे का?' हा नाही, त्याचं उत्तर नेहमी 'हो' असतं. 'आत्ता करून मिळेल असं काय आहे?' हे विचारावं.

एक नेहमीचा प्रसंग घेऊ. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली रात्रीची बस साताऱ्याच्या अलीकडे थांबली आहे. रात्रीचा एक वाजलाय, हातात वीस मिनिटं आहेत. काउंटरवर डोसा, इडली, मिसळ, बटाटावडा आणि व्हेज पुलाव आहे.

पुलाव आधी बाजूला काढू. रात्री एकला कोणी नव्यानं पुलाव शिजवत नाही. तो संध्याकाळच्या गर्दीसाठी केलेला असतो आणि गरम पाण्यावर ठेवलेल्या स्टीलच्या चौकोनी भांड्यात पडून असतो. ही भांडी पदार्थ गरम ठेवण्यासाठी असतात, तापवण्यासाठी नाहीत. खालचं पाणी निवलेलं असेल, किंवा भात ढिगासारखा वरपर्यंत भरलेला असेल, तर तळाचा भात गरम आणि वरचा कोमट राहतो. वाढणाऱ्यानं झाकण उघडून तळापासून ढवळलं तरी वाफ वर आली नाही, तर तो भात घेऊ नये. वाफ आली तरी तो मधल्या काळात किती वेळ कोमट होता हे कळायला मार्ग नाही. म्हणून रात्रीच्या थांब्यावर फोडणीचा भात, लेमन राईस आणि पुलाव सरळ टाळावेत.

डोसा इथला सगळ्यात भरवशाचा पदार्थ आहे. पातळ थर, रसरशीत तापलेला तवा, आणि सगळं तुमच्या डोळ्यांसमोर. पीठ आंबलेलं असतं, तरी त्यानं बिघडत नाही, कारण ते आंबट असतं आणि तव्यावर आरपार भाजलं जातं. मसाला डोशातली भाजी मात्र तव्यावर शिजत नाही. ती आधीच केलेली असते आणि बाजूच्या डब्यातून डोशावर ठेवली जाते. म्हणून साधा डोसा किंवा कांदा उत्तप्पा मागावा. हाच न्याय ऑम्लेटला लागू होतो, फक्त अंडं मधे ओलं राहू देऊ नये.

इतकं जपूनही माणूस आजारी पडतो तो चटणीपायी. डोसा दोन मिनिटांपूर्वीचा आणि ओल्या खोबऱ्याची चटणी दुपारची, हे जेवण ताजं म्हणता येणार नाही. चटणी कच्च्या खोबऱ्याची, पाणी घालून वाटलेली असते. ती विस्तवावर चढत नाही आणि काउंटरवर उघड्या बादलीत राहते. पुदिन्याची हिरवी चटणी, चिरून ठेवलेला कांदा आणि बर्फ हे तिचेच भाऊबंद. खोबऱ्याच्या चटणीला आंबूस वास किंवा वर फेस असेल तर गेलीच समजा, पण वास न येताही ती बिघडलेली असू शकते. सांबार घ्यावं, तेही पातेलं विस्तवावर रटरटत असेल तर. वड्याबरोबर सुकी लसणाची चटणी मागावी. तिच्यात पाणी नसल्यानं ती सहसा बिघडत नाही.

आता बटाटावडा. थांब्यांवर वडे आणि भजी पुष्कळदा अर्धकच्चे तळून ठेवतात आणि गिऱ्हाईक आलं की परत तेलात सोडतात. नुसतं दोनदा तळण्यानं कोणी आजारी पडत नाही. खरा घात होतो तो मधल्या चार तासांत, परातीत कोमट पडलेल्या ओलसर बटाट्यात. वडा मधोमध मोडून बघा. नुकत्या तळलेल्या वड्याच्या गाभ्यातून वाफ निघते आणि सारण बेसनाला चिकटलेलं असतं. परत तळलेल्या वड्याचं कवच गडद, कडक, तेलकट असतं, ते सारणापासून सुटं होतं आणि बोट लावलं तर आतला बटाटा गारच लागतो. तसा निघाला तर खाऊ नका. वडा घेण्याआधी एवढंच विचारावं, 'दादा, पुढचा घाणा कधी निघतोय?' पाच मिनिटं थांबावं लागलं तरी वीस मिनिटांत ते बसतं. कांदाभजी किंवा मिरचीभजीत आधी शिजवलेलं सारण नसतं, त्यामुळे त्यांत जोखीम आणखी कमी.

मिसळीत कट उकळता असतो, पण मटकीची उसळ बाजूच्या पातेल्यातून येते. उसळ कटातच उकळून देत असतील तर घ्यावी. वाटी हातात घेतल्यावर अंदाज येतो. ६० अंशांच्या वरचा रस्सा असलेली स्टीलची वाटी काही सेकंदांपेक्षा जास्त हातात धरवत नाही. ती आरामात धरता आली आणि फुंकर न घालता घास घेता आला, तर रस्सा निवत आलेला आहे. इडलीचं तसंच. पात्र तुमच्यासमोर उघडलं तर छान, पण प्लास्टिकच्या डब्यातून काढून मायक्रोवेव्हमध्ये फिरवून दिली तर ती फक्त गरम केलेली असते, आणि मायक्रोवेव्ह कडा तापवून मधला भाग गार ठेवू शकतो.

विमानतळावर हे गणित उलटं लावायचं. तिथल्या बऱ्याच काउंटरांवर पदार्थ दुसरीकडे बनून येतात आणि समोर फक्त तापवले जातात. काचेच्या उबदार कपाटातल्या पफ-समोशापेक्षा तिथं नीट थंड ठेवलेला पदार्थ जास्त भरवशाचा, म्हणजे ज्यावर बनवल्याची आणि वापरण्याची तारीख छापली आहे आणि जो हाताला खरोखर थंडगार लागतो, असा सँडविच किंवा दह्याचा डबा. नुसता गारसर लागला तर परत ठेवा. विशेषतः मेयोनीज आणि चिकनच्या बाबतीत भीड बाळगू नये.

पैशांच्या बाबतीतही अशीच एक फसवी जोडी आहे: दुकान आणि हॉटेल. फूड मॉलमध्ये दोन्ही एकाच छपराखाली असतात, म्हणून गोंधळ होतो. दुकानातून किंवा टपरीवरून बंद बाटली घेऊन तुम्ही निघालात, तर छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. त्या किमतीत सगळे कर धरलेले असतात, त्यामुळे वर जीएसटी लावणं किंवा 'थंड करण्याचे पाच रुपये' घेणं चुकीचं आहे. हॉटेलात टेबलावर बसलात आणि वाढप्यानं तीच बाटली आणून दिली तर मात्र मेनूतला भाव लागू शकतो. हॉटेल बाटलीबरोबर जागा आणि सेवाही देतं, म्हणून छापील किमतीचं बंधन तिथं लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे २० रुपये छापलेली बाटली टेबलावर ४० ला घेतली तर भांडण्यात अर्थ नाही. चार पावलं चालून दुकानातून घेतली असती तर २० लाच मिळायला हवी होती.

विमानतळासाठी त्याच मालावर वेगळी, जास्तीची किंमत छापण्याची पद्धत १ जानेवारी २०१८ पासून बंद आहे. तरी तिथं पाणी महाग पडतं, कारण पुष्कळदा वेगळ्या कंपनीची, वेगळ्या मापाची बाटली ठेवलेली असते. म्हणून बाटलीवरचं मापही वाचावं. त्यापेक्षा रिकामी बाटली बरोबर न्यावी आणि सुरक्षा तपासणीनंतरच्या पिण्याच्या नळावर भरावी. कोलकाता विमानतळावर डिसेंबर २०२४ मध्ये 'उडान यात्री कॅफे' सुरू झालं, तिथं चहा आणि पाणी १० रुपयांना, समोसा २० रुपयांना ठेवला होता. आपल्या विमानतळावर असं काउंटर आहे का आणि ते तपासणीच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे आत शिरण्याआधीच विचारून घ्यावं.

दुकानदारानं छापील किमतीच्या वर पैसे घेतलेच, तर वाद घालत बस चुकवू नका. बिल मागा. त्यावर १४ अंकी अन्न परवाना क्रमांक असायला हवा. बाटलीवरची छापील किंमत दिसेल असा फोटो काढा आणि नंतर दिवसा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. महाराष्ट्रात हे काम वैधमापन शास्त्र यंत्रणेकडे आहे. बिल दिलंच नाही तर पैसे मोबाईलवरून भरावेत, म्हणजे रक्कम, वेळ आणि दुकानाचं नाव आपोआप नोंदलं जातं.