नेट मंद आहे, पण कसं मंद?

ऐरोलीच्या ताईचा जुलैच्या २५ तारखेला सकाळी फोन आला. "अरे, नेट कालपासून रडतंय. नेटवाला म्हणतो पावसाने फायबरला काहीतरी झालंय, दोन दिवसांत माणूस पाठवतो." ऐरोलीत पावसाळ्यात हे कारण सहज खपतं, कारण तारा खांबांवरून आणि झाडांतून लोंबकळत गेलेल्या असतात. पण व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज झटकन जात होते, बातम्यांचं पान उघडत होतं, आणि व्हिडिओ मात्र पाच-दहा सेकंद चालून अडकत होता. फायबर तुटली असती तर भिंतीवरच्या डब्यातला LOS नावाचा दिवा लाल झाला असता आणि काहीच चाललं नसतं. ताईकडे तो दिवा लागलेलाच नव्हता. म्हणून मी दुसराच प्रश्न विचारला, "तुझा प्लॅन किती जीबीचा?"

"अनलिमिटेड आहे रे!"

प्लॅन १०० एमबीपीएसचा होता. बारीक अक्षरांत लिहिलं होतं: महिन्याला १,००० जीबीपर्यंत पूर्ण वेग, त्यानंतर २ एमबीपीएस. डेटा संपत नाही, वेग संपतो. 'अनलिमिटेड' एवढ्यापुरतंच खरं. याला फेअर युसेज पॉलिसी, नेटवाल्यांच्या भाषेत एफयूपी, म्हणतात.

घरचा राउटर सुरू होताना युजरनेम आणि पासवर्ड देऊन कंपनीच्या यंत्रणेत लॉगिन करतो. तिथला हिशेबाचा सर्व्हर, बहुतेक ठिकाणी रेडियस सर्व्हर, तुमच्या खात्यावर किती डेटा आला आणि गेला याची थोड्या थोड्या वेळाने नोंद ठेवतो. आकडा मर्यादेला टेकला की तो पुढच्या यंत्राला आदेश देतो: या ग्राहकाचा वेग आता इतकाच. तुमच्या तारेत, राउटरमध्ये काहीही बदललेलं नसतं. म्हणूनच राउटर बंद करून चालू केल्याने सहसा फरक पडत नाही. नव्या लॉगिनलाही तोच आदेश लागू होतो.

हा वेग रोखायची एक प्रचलित पद्धत म्हणजे टोकनची बादली. नळाला मोठी बादली लावलीय अशी कल्पना करा. नळातून सेकंदाला ठरलेलंच पाणी पडतं, पण बादली आधीच भरलेली असेल तर पहिला तांब्या, दुसरा तांब्या झटपट मिळतो. बादली रिकामी झाली की मग नळाच्या धारेइतकंच. छोटा मेसेज किंवा साधं पान बादलीतल्या साठ्यावर निघून जातं. व्हिडिओ मोठा असतो, तो नळाच्या धारेवर येतो. ताईच्या तक्रारीतला विसंगत वाटणारा भाग इथे सुटतो.

संशय खरा की खोटा, हे मोजल्याशिवाय कळत नाही. संध्याकाळी तिच्याकडे गेलो, लॅपटॉप वायरने राउटरला जोडला (वायफायवर मोजलं तर भिंतींचा वेग मोजला जातो) आणि स्पीड टेस्ट लावली. पहिल्यांदा १.१ आलं, मग ०.७, मग १.४. हे मला पटेना. कृत्रिमरीत्या रोखलेला वेग असा हेलकावे खात नाही, तो एका आकड्यावर चिकटून बसतो. मग डोळे गेले दाराबाहेरच्या आणि गॅलरीतल्या कॅमेऱ्यांकडे. दोन्ही सतत क्लाउडवर चित्रण पाठवत होते, प्रत्येकी साधारण २ एमबीपीएसने. वेगाची मर्यादा अपलोडलाही होती, म्हणजे २ च्या नळातून ४ चं पाणी वर ढकलायचा प्रयत्न चालू होता. डाउनलोड होताना आपला संगणक "मिळालं, पुढचं पाठव" अशा छोट्या पोचपावत्या वर पाठवत असतो. त्या पावत्या कॅमेऱ्यांच्या गर्दीत अडकल्या की डाउनलोडही लडखडतं.

कॅमेरे, टीव्ही, सगळ्यांचे फोन बंद केले आणि पुन्हा मोजलं. सुरुवातीला उंचवटा, आणि मग थेट सपाट रेषा: १.९. पाच मिनिटांनी १.९. रात्री अकराला १.९. ताईने दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मोजलं, तेव्हाही १.९. २ चे १.९ का, तर डेटा छोट्या छोट्या पॅकेटांत येतो आणि प्रत्येक पॅकेटवरचा पत्ता-वेष्टनाचा मजकूर टेस्ट मोजत नाही.

पहाटेचं मोजमाप सगळ्यात मोलाचं. इमारतीतले सगळे एकाच वेळी मालिका बघायला बसल्यामुळे नेट मंदावलं असेल, तर आकडा रात्री नऊला पडतो, पहाटे सावरतो आणि मिनिटामिनिटाला बदलतो. मर्यादेला झोप नसते. आणखी एक पडताळणी, विंडोजवर. दूरच्या सर्व्हरला सतत हाक मारायची आणि उत्तर किती वेळात येतं ते बघायचं:

```
ping -t 8.8.8.8
```

काहीही डाउनलोड होत नसताना ताईकडे उत्तर चार-पाच मिलिसेकंदांत येत होतं, एकही चुकलं नाही. म्हणजे वाट निरोगी होती. डाउनलोड सुरू करताच तोच आकडा शेकड्यांत गेला, कारण पॅकेटं अरुंद दाराशी रांगेत उभी राहिली. काही कंपन्या रांग न लावता जादा पॅकेटं सरळ टाकून देतात. तिथे डाउनलोडच्या वेळी उत्तरं गहाळ होतात. पण काहीच चालू नसतानाही उत्तरं गहाळ होत असतील, तर मात्र तार किंवा जोडणी बघायला माणूस बोलवा.

सपाट रेषा दिसली की लगेच कंपनीवर मात्र घसरू नका. ३०० चा प्लॅन असून आकडा ९४ वर गोठला असेल, तर बहुधा घरातल्या लॅन केबलची एखादी तार तुटलेली असते आणि जोडणी १०० वर उतरलेली असते. ती केबल बदलली की काम होतं. उलट चकवाही आहे. स्पीड टेस्टचा सर्व्हर बऱ्याचदा कंपनीच्याच जाळ्यात असतो, आणि तिथवरच्या वाटेला मर्यादेतून वगळलं असेल तर टेस्ट सुंदर दिसते आणि व्हिडिओ अडकतच राहतो. म्हणून मी fast.com वरही मोजतो आणि एखादी मोठी फाइल उतरवून घड्याळ लावतो. २ एमबीपीएसने १ जीबीला तासाहून थोडा जास्त वेळ लागायला हवा.

राहिला प्रश्न १,००० जीबी गेले कुठे. ताईचं ठाम म्हणणं होतं की आम्ही तर फारसं बघतच नाही. एक कॅमेरा २ एमबीपीएसने दिवसभरात २१.६ जीबी पाठवतो, दोघे मिळून ४३. टीव्हीवर अडीच तास चांगल्या दर्जाचा व्हिडिओ म्हणजे आणखी सात-आठ. दिवसाला सुमारे ५१ जीबी. बिलाचा महिना ५ तारखेला सुरू झाला होता. त्यापुढे साधारण १९ दिवसांत हजाराची मजल होते, म्हणजे २४ तारीख. कंपनीच्या अ‍ॅपमधल्या वापराच्या पानावर तेच निघालं. कॅमेरे 'वर' पाठवतात, म्हणून ते वापरात धरले जात नाहीत, असा तिचा समज होता.

मग सूचना का आली नाही? दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१६ च्या आदेशानुसार फिक्स्ड ब्रॉडबँडच्या ग्राहकाला मर्यादेच्या ५०, ९० आणि १०० टक्क्यांवर कळवावं लागतं. संदेश गेले होते, पण पुण्याला शिकायला गेलेल्या भाच्याच्या नंबरवर. कनेक्शन त्यानेच घेतलं होतं. त्याने ते जाहिराती समजून पुसून टाकले.

कॅमेरे आता हालचाल झाली तरच चित्रण करतात आणि ते आतल्या मेमरी कार्डवर ठेवतात. ५ ऑगस्टला सकाळी ताईने वायरवर मोजून मला आकडा पाठवला: ९४. नेटवाल्याचा माणूस त्याच दिवशी दुपारी फायबर बघायला आला.