उजवं पान मिलिमीटरभर खाली का?

दोन भाषांतल्या स्मरणिका बडोद्याला नव्या नाहीत. डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर तोच मजकूर गुजरातीत. यंदा दांडिया बाजारातल्या एका गणेश मंडळाची अशीच स्मरणिका हाती आली. दोन्हीकडे अक्षर 12 पॉइंटचं, ओळींतलं अंतरही एकच, तरी उजवीकडची प्रत्येक ओळ डावीकडच्या ओळीपेक्षा मिलिमीटरभर खाली. विचारलं तर उत्तर आलं, "साहेब, लिपीच वेगळी, जुळणार कशी?"

लिपीचा काही दोष नाही. दोन रेघा एका ओळीत आहेत की नाहीत, हे ओळखण्यात माणसाची नजर फार तरबेज असते. शाळेतला व्हर्नियर कॅलिपर याच कौशल्यावर चालतो. पानांच्या मधल्या घडीमुळे ही धार थोडी बोथट होते, पण मिलिमीटरचा फरक लपत नाही.

फरक येतो कुठून? चौकटीतली पहिली ओळ किती खाली बसवायची, हे सॉफ्टवेअर बहुतेक वेळा फॉन्टला विचारून ठरवतं. प्रत्येक फॉन्टमध्ये 'माझ्या डोक्यावर इतकी जागा लागते' असा एक आकडा असतो. मराठी आणि गुजराती फॉन्टचे हे आकडे वेगळे असले की पहिलीच ओळ चुकते आणि पुढच्या सगळ्या ओळी ती चूक इमानाने चालवतात.

यावर उपाय म्हणजे बेसलाइन ग्रिड. अक्षरं ज्या अदृश्य रेघेवर उभी राहतात ती बेसलाइन. अशा रेघा सगळ्या पानांवर एकाच अंतराने आखायच्या आणि ओळींना तिथेच उभं राहायला लावायचं. ए5 पानाची उंची 210 मिमी, म्हणजे सुमारे 595 पॉइंट. मजकूर 12 पॉइंटचा आणि ओळींतलं अंतर 17 ठेवलं, तर 17 गुणिले 35 बरोबर 595! इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये `Preferences > Grids` मध्ये `Start` 0, `Relative To` ला `Top of Page` आणि `Increment Every` ला 17 पॉइंट द्या. मग मजकुराच्या पॅराग्राफ स्टाइलमध्ये 'Align to Grid' ला 'All Lines' निवडा. आता पहिली ओळ फॉन्टचं ऐकत नाही, रेघेचं ऐकते.

इथवर सोपं आहे. खरी गंमत मथळ्यापाशी सुरू होते. मथळा 20 पॉइंटचा, त्याचं अंतर 24. त्यालाही ग्रिडला बांधलं तर 24 ला 17 वर बसता येत नाही, म्हणून तो 34 वर उडी मारतो, आणि मथळा दोन ओळींचा असला तर मध्ये खिंडार पडतं. म्हणून मथळा मोकळा सोडायचा आणि हिशेब बाकीचा करायचा: वर 18, मथळ्याचे 24, खाली 9, एकूण 51. 51 ला 17 ने भागलं की बाकी शून्य, म्हणजे पुढचा मजकूर आपोआप रेघेवर. कवितेच्या 5 ओळी 14 च्या अंतराने घेतल्या तर 70 होतात. 17 ची पुढची पट 85. उरलेले 15 पॉइंट वर 8 आणि खाली 7 असे वाटून टाका. मथळा असो, कविता असो, चित्र असो, मधल्या प्रत्येक ऐवजाची बाकी शून्य आली पाहिजे, बस्स. (पानाचं सौंदर्य सुवर्ण गुणोत्तरात असतं असं सांगणारे भेटतात. भेटू द्या. इथे तिसरीतला भागाकार पुरतो.)

एक घोटाळा मात्र हमखास होतो. मजकुराचं अंतर 17 ऐवजी चुकून 17.5 राहिलं तर प्रत्येक ओळ एक रेघ सोडून बसते आणि लेख दुप्पट लांब होतो. मग वैतागून लोक ग्रिडच बंद करतात! चूक ग्रिडची नसते, त्या अर्ध्या पॉइंटची असते.

देवनागरीत आणखी एक मेख आहे. ग्रिड अक्षरांचे पाय जुळवतं, आणि आपली नजर असते शिरोरेखेवर. एकाच फॉन्टच्या एकाच आकारात पायापासून शिरोरेखेपर्यंतची उंची ठरलेली असल्यामुळे पाय जुळले की शिरोरेखाही जुळते. पण 12 पॉइंटच्या स्तंभाशेजारी 10 पॉइंटची चौकट ठेवलीत तर पाय जुळूनही शिरोरेखा खाली दिसेल. गुजरातीला शिरोरेखा नाही, तिथे अक्षरांचे माथे मराठीच्या शिरोरेखेच्या उंचीला येतील असा आकार निवडावा. कदाचित 12 ऐवजी 12.5 लागेल, पण अंतर 17 च राहील.

तपासायला छापलेला कागद उजेडासमोर धरा. मागच्या पानाच्या ओळी पुढच्या ओळींच्या आड गेल्या तर काम नीट झालं. मधल्या पांढऱ्या जागेत करड्या पट्ट्या दिसल्या तर कुठेतरी बाकी उरली आहे, किंवा छापताना कागद सरकला आहे. पट्ट्या पहिल्या ओळीपासून असतील तर आधी छपाईकडे बघा, मथळ्यानंतर सुरू होत असतील तर हिशेबाकडे.