अर्जातला "थोडाफार हातभार" आणि वाचणाऱ्याच्या मनातला हिशोब

आपल्याकडे पाहुण्यांनी विचारलं "किती टक्के पडले गं?" तर पोरगी खाली बघत "पडले बरे" म्हणते, आणि मग आई नाहीतर काकू "अहो, वर्गात पहिली आलीय" असं सांगून टाकते. ही पद्धत चालते कारण ऐकणाऱ्यालाही ती माहीत असते, "बरे"मध्ये किती मिळवायचं हे त्याला न सांगता कळतं. तीच पोरगी पुढे अमेरिकेत मास्टर्सला अर्ज करते, एसओपी म्हणजे अर्जासोबत स्वतःबद्दल द्यायचं निवेदन लिहायला बसते आणि तिथेही "पडले बरे"च लिहिते, फक्त आता शेजारी काकू नसते.

नम्र बोलणाऱ्याला स्वतःबद्दल खरंच कमी वाटत असतं का? जपानी संशोधक तोशिओ यामागिशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा छान छडा लावला. जपानी विद्यार्थ्यांना एक चाचणी दिली आणि नंतर विचारलं की तुझा स्कोअर सरासरीच्या वर असेल की खाली. नुसतं विचारलं तेव्हा बहुतेकांनी "खाली" सांगितलं. दुसऱ्या गटाला मात्र अंदाज बरोबर आला तर जादा पैसे मिळतील असं सांगितलं, तर तिथे बहुतेकांचं उत्तर "वर" असं आलं! म्हणजे आत मनात अंदाज चांगलाच होता, पण अचूक बोलायला काही कारण नसेल तेव्हा तोंडातून सवयीचं उत्तर बाहेर पडत होतं. यामागिशींच्या मते ही नम्रता म्हणजे एक डिफॉल्ट आहे, समोर कोण आहे आणि तो काय समजेल याची खात्री नसेल तेव्हा वापरायचा सेफ पर्याय. जपानचे आकडे उचलून महाराष्ट्राला लावता येणार नाहीत हे उघड आहे, पण डिफॉल्टची ही कल्पना मला फार उपयोगी वाटते, कारण अर्ज लिहिताना आपण नेमके अशाच जागी असतो, वाचणारा कोण आहे हे माहीतच नसतं.

मग वाटेल की माणसाला त्याचा खरा स्कोअर दाखवला की काम झालं. तसं होत नाही. क्रिस्टीन एक्सली आणि जड केसलर यांनी अमेरिकेत केलेलं संशोधन २०२२ साली छापून आलं, त्यात बाया आणि पुरुष दोघांना गणित-विज्ञानाच्या धाटणीची २० प्रश्नांची चाचणी दिली. मार्क दोघांचे साधारण सारखेच. मग "मी या चाचणीत चांगली कामगिरी केली" या वाक्याशी तुम्ही ० ते १०० मध्ये किती सहमत आहात असं विचारलं, आणि ही उत्तरं बघून मालक कामावर घ्यायचं की नाही, किती पैसे द्यायचे ते ठरवणार हेही आधीच सांगितलं होतं. पुरुषांची सरासरी आली ६१, बायांची ४६. आता खरी गंमत पुढे आहे, किती उत्तरं बरोबर आली आणि इतरांच्या तुलनेत तू कुठे आहेस हे स्पष्ट सांगितल्यावरही हा फरक गेला नाही. दुसऱ्या कोणाच्या कामगिरीबद्दल विचारलं तर मात्र असा फरक दिसत नव्हता. शाळेतल्या मुलांवर हाच प्रयोग केला तर सहावीपासूनच तो दिसतो. स्वतःबद्दल किती बोलायचं हे इतक्या लहानपणी पक्कं होत असेल तर मास्टर्सचा अर्ज लिहायच्या वयात एखाद्या वर्कशॉपने ते सुटेल अशी अपेक्षा करणं मला तरी जड जातं.

तरी एक आशा राहते, की वाचणारा शहाणा असेल, त्याला माहीत असेल की अमुक लोक कमीच सांगतात, तो मनात थोडं वाढवून घेईल. एक्सली आणि कर्बी नील्सन यांनी हेच तपासलं. वाचणाऱ्यांना बाया स्वतःला कमी लेखतात हे आधीपासून ठाऊक होतं, तरी समोर कमी आत्मविश्वासाचं उत्तर आलं की त्यांनी त्या बाईची क्षमताही कमीच धरली. म्हणजे काकूंचं काम कोणीच करत नाही, वाचणाऱ्याला सगळं माहीत असलं तरीसुद्धा. हे प्रयोग स्त्री-पुरुष फरकावर आहेत, घरच्या संस्कारांवर नाहीत, पण स्त्री-पुरुषांची गोष्ट तर तिथल्या प्रत्येकाच्या ओळखीची आहे, आणि तीसुद्धा हिशोबात धरली जात नसेल तर सांगली-साताऱ्याच्या घरातली रीत कोण धरणार?

आता प्रत्यक्ष कागदावर काय होतं ते बघू. समजा तासगावकडची एक मुलगी आहे, तिने फायनल इयरला बेदाण्यासाठी सोलर ड्रायर केला. ती लिहिते: "सरांच्या मार्गदर्शनाखाली आमच्या ग्रुपने सोलर ड्रायर बनवण्याचा प्रयत्न केला, त्यात मला थोडाफार हातभार लावता आला आणि बरंच शिकायला मिळालं." आपल्याला हे वाक्य गोड वाटतं, पण एकामागून एक फाइल वाचणारा तिकडचा प्रोफेसर ते अक्षरशः घेतो, म्हणजे कल्पना सरांची, काम ग्रुपचं, प्रयत्न केला म्हणजे बहुतेक जमलं नसावं, आणि ही सोबत होती.

तिला समोर बसवून विचारलं की बाई, तू नक्की काय केलंस, तर हळूहळू वेगळंच बाहेर येतं. गरम हवा खालून सोडली होती, ती वर जाता जाता ओल घेत जायची, त्यामुळे खालच्या ट्रेमधली द्राक्षं वाळून तयार आणि वरची अजून ओली. हे तिच्या लक्षात आलं कारण ती दर दोन तासांनी प्रत्येक ट्रेचं वजन घेत होती, बाकीचे तिघं एकूण वजन बघून खूश होते. मग हवा दोन ठिकाणांहून सोडायची हे डिझाइन तिनेच काढलं. तर आता असं लिहिता येतं: "चार जणांच्या ग्रुपमध्ये हवेच्या मार्गाचं काम माझ्याकडे होतं. ट्रेनिहाय वजनांवरून मला दिसलं की वरचे ट्रे खालच्यांपेक्षा दोन दिवस मागे आहेत. मी दुसरा हवामार्ग दिला, तेव्हा हा फरक अर्ध्या दिवसावर आला." यात फुशारकीचा एकही शब्द नाही, घरी आजीसमोर वाचून दाखवलं तरी लाज वाटू नये. सर आणि ग्रुप आहेतच, फक्त कोणी काय केलं ते वेगळं झालं, आणि जे झालं ते मोजून सांगितलं.

उलट टोकाला जाणारे पण खूप आहेत, "मी अत्यंत पॅशनेट आणि इनोव्हेटिव्ह इंजिनियर आहे" वगैरे. असल्या विशेषणांमागे तपासता येईल असं काही नसतं, त्यामुळे वाचणारा ती सोडून पुढे जातो. आणि बढाईची किंमत खरंच मोजावी लागते, लॉरी रुडमन यांच्या १९९८ च्या अभ्यासात स्वतःचं कौतुक करणाऱ्या बाया जास्त सक्षम वाटल्या पण कमी आवडल्या. म्हणजे गप्प बसणाऱ्या मुली घाबरट असतात असं कोणी म्हणू नये, त्यांनी जे ओळखलंय त्यात तथ्य आहे. म्हणूनच मला वरच्यासारखी वाक्यं बरी वाटतात, ती दावा करतात पण स्वतःला शाबासकी देत नाहीत.

आपला मसुदा कुठे कमी पडतोय हे ओळखायला एक सोपं काम करता येतं. प्रोजेक्टमधल्या मित्राला सांगायचं की "माझ्याबद्दल चार ओळी लिही, मी काय केलं ते", आणि त्या ओळी आपल्या एसओपीशेजारी ठेवायच्या. दुसऱ्याबद्दल लिहिताना हात आखडत नाही हे वरच्या प्रयोगात दिसलंच. मित्राच्या ओळीत असलेली आणि आपल्या मसुद्यात नसलेली प्रत्येक गोष्ट, मग ते वजन घेणं असो की रात्री वर्कशॉप उघडायला लावणं असो, तपासून बघायची. खरी असेल तर "मी"ने सुरू होणारं वाक्य करून आत घालायची. रेकमेंडेशन देणाऱ्या सरांकडेही हाच कागद द्यावा, कारण आपले बरेच सर "सिन्सिअर, हार्डवर्किंग, ओबिडियंट" एवढ्यावर थांबतात, आणि मग नम्र विद्यार्थिनीची फाइल दोन्ही बाजूंनी नम्र होऊन जाते, ट्रेच्या वजनांचा उल्लेख कुठेच नाही.