लहान लेकरू जेवत नाही, तरी वाढतं कसं

लेकरू वर्षाचं झालं की त्याचं खाणं एकदम कमी होतं, ताट समोर आलं की तोंड फिरवतं, घास जिभेनं बाहेर ढकलतं आणि तरी दिवसभर अंगणात पळत राहतं. हा आजार नाही, एक ते पाच वर्षांच्या लेकरांत हे घरोघरी दिसतं. विदर्भातल्या खेड्यांत मग आजी दृष्ट काढते, कोणी जंत झाले म्हणतं, कोणी दात येत असतील म्हणतं, आणि पोट्टं काहून खात नाही म्हणून माय रडकुंडीला येते. पण खरं कारण वाढीच्या वेगात आहे.

पहिल्या वर्षात वजन जवळपास तिप्पट होतं, म्हणजे तीन किलोचं बाळ नऊ किलोचं होतं, पण दुसऱ्या अख्ख्या वर्षात फक्त दोन-अडीच किलो वाढतं. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात पोटात जाणाऱ्या ऊर्जेतला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग नुसत्या वाढीला लागतो, वर्ष होईपर्यंत तो तीन टक्क्यांच्या आसपास येतो. वाढीची गरजच उतरली की भूकही उतरते, त्यात लेकराचा हट्ट फार कमी असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे लहान लेकरू जेवणागणिक सारखं खात नाही. अमेरिकेत लीन बर्च आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दोन ते पाच वर्षांच्या मुलांचं खाणं मोजलं, तर एकेका जेवणात खूप चढउतार होते पण दिवसाची बेरीज साधारण दहा टक्क्यांच्या फरकातच राहिली. दुपारी कमी खाल्लं ते संध्याकाळी भरून निघत होतं.

समजा यवतमाळकडची दीड वर्षाची पोरगी आहे, कापूस वेचणीचे दिवस आहेत, माय वावरात आणि पोरगी आजीजवळ. दुपारी वरण-भाताचे दोन घास खाल्ले आणि पळाली, आजी म्हणते आज पोटात काहीच गेलं नाही जी. पण सगळं धरलं तर रात्री-पहाटे मिळून अंगावरचं दूध (२०० कॅलरी), सकाळी दुधात कुस्करलेली अर्धी पोळी (१००), ते दोन घास (४०), चार वाजता केळं (८५), शेंगदाण्याचा कूट घातलेला छोटा लाडू (८०) आणि माय आल्यावर तूप घातलेली वाटीभर खिचडी (२००). झाल्या सातशेच्या वर. तिचं वजन ९.१ किलो, किलोमागे साधारण ८० धरले तर गरज ७३० ची, म्हणजे जेवत नाही म्हणतात तीच पोरगी गरजेच्या अगदी जवळ आहे. अंगणवाडीतल्या कार्डावर पाहिलं तर वर्षाची होती तेव्हा ७.९, सव्वा वर्षाला ८.५, आता ९.१. सरासरीपेक्षा बारीक आहे पण कार्डावरची तिच्या वजनाची रेघ तिच्या जागेवरून वर चढतेय, आणि माझ्या मते ताटापेक्षा या रेघेवर विश्वास ठेवायला पाहिजे. फक्त वजन दर वेळी त्याच काट्यावर, हलक्या कपड्यांत करावं, नाहीतर रेघच चुकीची येते.

गडबड कुठं होते तर दुधात. जेवत नाही म्हणून बाटलीनं दूध पाजतात, आणि म्हशीचं पाऊण लिटर दूध म्हणजे या पोरीची जवळपास दिवसभराची ऊर्जा त्यातच आली, मग भूक लागेल कशी? शिवाय दुधात लोह जवळपास नसतं, त्यामुळे रक्त कमी होतं आणि रक्त कमी झालं की भूक अजून मरते. वर्षानंतर वरचं दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवलं, मधल्या वेळेचा चहा-बिस्किट बंद केला आणि दोन खाण्यांमध्ये अडीच-तीन तास सोडले की बहुतेक लेकरं स्वतःहून ताटाकडे येतात. घरच्यांसोबत बसवायचं, समोर ठेवायचं, वीस-पंचवीस मिनिटांत उचलायचं. हातपाय धरून कोंबलं तर ताट पाहूनच रडायला लागतं. दुकानातून आणलेलं भुकेचं औषध तर देऊच नये, त्यातल्या सायप्रोहेप्टाडीननं झोप येते आणि दोन वर्षांखालच्या लेकरांना ते चालत नाही.

हे सगळं रेघ वर जात असेल तोवरच खरं. दोन-तीन महिने वजन जागचं हललं नाही किंवा उतरलं, लेकरू फिकट दिसतं, माती खातं, जुलाब थांबत नाहीत, गिळताना ठसका लागतो किंवा खेळणंच सोडलंय, तर डॉक्टरला दाखवावं. पट्टीनं मोजलेला दंडाचा घेर १२.५ सेंटीमीटरच्या खाली आला तर थांबू नये, ११.५ च्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, तिथं त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.