भादों बदी अमावस म्हणजे नेमकी कोणती तारीख?

आपल्याकडं भंडारा, गोंदियाच्या बाजूला जुन्या मालगुजाराच्या वाड्यात कागदाचं गाठोडं निघालं की त्यात मोडीतले मराठी कागद असतात आणि त्यांच्यासोबत हिंदीत लिहिलेलेपण असतात, कारण महाजन, बंजारे, शिवनी-बालाघाटकडची मंडळी सगळी इथंच व्यवहार करायची. आता असा कागद कोणाला कोर्टासाठी किंवा संशोधनासाठी इंग्रजीत करून द्यायचा म्हटलं की खरी गोची भाषेत नसते, ती तारखेत असते.

समजा कागदावर आहे "संवत 1910, भादों बदी 30, शनिवार". आधी सन काढू. विक्रम संवतातून 57 वजा केले की 1853 येतं. आपल्या शकात तेच वर्ष 1775, त्यात 78 मिळवले तरी तिथंच पोचतो. इथवर सोपं आहे.

मग महिना. भादों म्हणजे भाद्रपद, बदी 30 म्हणजे अमावास्या, म्हणून बरेच जण सरळ भाद्रपद अमावास्या, म्हणजे आपली सर्वपित्री धरतात. 1853 ची ती येते 2 ऑक्टोबरला आणि त्या दिवशी होता रविवार. कागद तर शनिवार म्हणतोय. लिहिणाऱ्याची चूक झाली असं म्हणून पुढं जाणारे पाहिले आहेत, पण भाऊ, गावातल्या माणसाला तिथी एखाद वेळेस चुकेल, बाजाराचा वार सहसा चुकत नाही.

गंमत अशी की आपला महिना अमावास्येला संपतो आणि उत्तरेकडचा पौर्णिमेला. शुक्ल पक्षात दोघांचं महिन्याचं नाव एकच असतं, पण वद्य पक्ष आला की त्यांचं नाव एक महिना पुढचं लागतं, म्हणून आपला श्रावण वद्य तो त्यांचा भादों बदी. म्हणजे कागदातली ती अमावास्या सर्वपित्री नाहीच, ती आपल्या पोळ्याची अमावास्या! एक महिना मागं या, 3 सप्टेंबर 1853, वार शनिवार. बसला हिशेब.

वार हा असा साक्षीदार आहे की तो सात दिवसांचं चक्र सोडून कधी हलत नाही. तिथीचं तसं नसतं, ती कधी दोन सूर्योदय खाते, कधी एकपण सूर्योदय तिला मिळत नाही. विश्वास नसेल तर 2024 चं कॅलेंडर काढून पहा, श्रावण अमावास्या 2 सप्टेंबरला पहाटे लागली अन् 3 तारखेला सकाळी साडेसातच्या आत संपली, म्हणजे सोमवारी पण सूर्योदयाला अमावास्या आणि मंगळवारी पण. शंभर वर्षांनी कोणी नुसतं "श्रावण वद्य 30" वाचलं तर त्याला दोन तारखा सापडतील, सोबत वार लिहिलेला असेल तर एकच.

अन् वर्षाचा आकडा पण नेहमी 78 ने जुळत नाही बरं का. शक चैत्रात सुरू होतो, इंग्रजी वर्ष जानेवारीत, त्यामुळं 1 जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तिथीला 79 मिळवावे लागतात. पानिपतची लढाई शके 1682, पौष शुद्ध 8, बुधवार. 78 धरले तर 1760 येतं, लढाई झाली 14 जानेवारी 1761 ला. पौष महिना जास्तच त्रास देतो, कारण तो कधी डिसेंबरात तर कधी जानेवारीत सुरू होतो, तिथं आकडा पाठ करून भागत नाही, पंचांग किंवा जंत्री उघडावीच लागते. आणि 1752 च्या आधीचा कागद असेल तर इंग्रजांची तारीख जुन्या ज्युलियन पद्धतीची असते हे ध्यानात ठेवा. शिवराज्याभिषेकाचा 6 जून 1674 त्याच पद्धतीचा, आजच्या पद्धतीनं तो 16 जून होतो. म्हणून कोणती पद्धत वापरली ते अनुवादात लिहायचंच.

सणावरून तारीख काढणं अजून चिकट काम आहे. "पाडव्यास रुपये द्यावे" असं लिहिलेलं असतं, आता पाडवा कोणता? गुढीपाडवा, दिवाळीचा पाडवा, का आपल्याकडचा पोळ्याचा पाडवा, ज्या दिवशी तान्हा पोळा भरतो? सालदाराचा करार असला तर बहुतेक गुढीपाडवा, कारण साल तिथून धरतात. पण कापूस विकून पैसे द्यायचे असतील तर मी दिवाळीकडं झुकेन, आणि तरी तळटीपेत तसा अंदाज म्हणूनच लिहीन.

पोळ्याचीच गोष्ट घ्या. 2023 ला पोळा 14 सप्टेंबरला होता, 2025 ला 22 ऑगस्टला, मधे तीन आठवड्यांचा फरक, कारण 2023 मधे अधिक श्रावण आला होता. म्हणून "पोळ्याच्या दिवशी" वाचून अंदाजानं "ऑगस्टअखेर" लिहिणं बरोबर नाही, त्याच वर्षाची अमावास्या काढावी लागते. ती काढली तरी एक दिवस इकडंतिकडं राहतोच. 1853 ला अमावास्या शुक्रवारी संध्याकाळच्या सुमारास लागली होती आणि शनिवारी सूर्योदयाला होती, मग गावानं पोळा शुक्रवारी भरवला का शनिवारी हे ज्योतिषीबुवा काय बोलले त्यावर होतं. कागदात वार नसेल तर मी इंग्रजीत मूळ शब्द तसेच "पोळ्याच्या दिवशी" असे ठेवतो आणि चौकोनी कंसात 2 किंवा 3 सप्टेंबर 1853 देतो. मूळ मजकूर काढून त्याच्या जागी नुसती इंग्रजी तारीख टाकली तर पुढच्या माणसाला तपासायला काही उरतच नाही.